आठ महिन्यांनी: नवं शुगरचं मशीन, जुनं मशीन आणि एकच बोट

नवं ग्लुकोमीटर पहिल्याच आठवड्यात परत करायला निघालो होतो. सकाळी उपाशीपोटी, एकाच बोटाच्या रक्तावर जुन्या मशीनने १४१ दाखवले आणि नव्याने १६३. दोन्ही पिशवीत टाकली आणि गंगापूर रोडवरच्या आमच्या नेहमीच्या मेडिकलवर गेलो.

"यातलं खोटं कोणतं?" मी विचारलं.

"काका, कदाचित एकही नाही," असं म्हणून फार्मासिस्टने बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ नावाचं मानक आहे. शुगर १००च्या वर असेल, तर लॅबच्या आकड्यापेक्षा १५ टक्के वर किंवा खाली चालतं. १००च्या आत असेल, तर १५ अंक. तेही शंभरातल्या ९५ रीडिंगना बसलं की पुरे. "समजा खरी शुगर १५२ आहे. तिचे १५ टक्के म्हणजे जवळपास २३. मग १२९ ते १७५ मधलं काहीही नियमात बसतं. तुमचे दोन्ही आकडे आत आहेत."

हे डब्यावर ठळक का छापत नाहीत, देव जाणे!

खरा आकडा कळायचा कसा? त्याने सांगितलं, दोन मशीन एकमेकांशी ताडून काही कळत नाही, लॅबशी ताडा. तेही उपाशीपोटी, कारण जेवणानंतर बोटातल्या रक्तात शुगर शिरेतल्यापेक्षा जास्त असते. पुढच्या तपासणीला मशीन सोबत नेलं आणि शिरेतून रक्त काढताच तिथेच बोट टोचलं. लॅब १४९, नवं १५८. फरक ९चा, म्हणजे ६ टक्के. मशीन ठेवलं.

फेब्रुवारीत मात्र एका दुपारी २४१ आले आणि माझे हातपाय गळाले. मेडिकलला फोन लावला. पहिला प्रश्न, "हात धुतले होते का?" नव्हते. निफाडहून मेहुण्याने पाठवलेल्या द्राक्षांचे घड नुकतेच निवडून ठेवले होते. स्ट्रिप जेमतेम अर्धा मायक्रोलिटर रक्त ओढते. एवढ्याशा थेंबात बोटावरचा वाळलेला रस मिसळला, की आकडा उडी मारतो. स्पिरिटच्या बोळ्यानेही तो पुरता जात नाही. साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं: १५४.

तेव्हापासून १०-२० अंकांच्या फरकाकडे मी बघतही नाही. आकडा एकदम उडाला, की आधी हात धुतो, मग स्ट्रिपच्या डबीवर पेनाने लिहिलेली उघडल्याची तारीख बघतो. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलेली एक डबी फेकावी लागली, दमट हवेने स्ट्रिप बिघडतात.

तक्रार एकच, स्ट्रिपा महाग आहेत. मशीन स्वस्तात देऊन पैसे तिथेच वसूल करतात. जुन्याच्या स्ट्रिपा संपल्यावर नव्या आणल्या नाहीत.