शेड पुढे लांबीत वाढवायची की रुंदीत? आधी ठरवा, मग डिझाइनला द्या

स्ट्रक्चरल कन्सल्टंटला दिलेल्या कागदात बहुतेक मालक 'भविष्यात वाढवायची सोय ठेवावी' एवढंच लिहितात. त्यावरून कसलाच हिशेब होत नाही. वाढ कुठल्या बाजूला, किती आणि तेव्हा छपरावर काय असेल, हे त्याला कळायलाच हवं.

१८ मीटर रुंद, ३० मीटर लांब शेड घेऊ. दोन खांब आणि त्यांना जोडणारी छपराची तुळई मिळून एक फ्रेम. दर ६ मीटरवर एक, अशा ६ फ्रेम; दोन फ्रेममधली जागा म्हणजे गाळा.

लांबीत वाढवायचं असेल तर प्रश्न फक्त शेवटच्या फ्रेमचा. आज तिच्यावर अर्ध्याच गाळ्याचं, म्हणजे ५४ चौरस मीटर छप्पर येतं. म्हणून डिझाइनर ती हलकी करतो आणि मध्ये खांब देऊन तुळईला आधार देतो. पुढे गाळे जोडले की तिच्यावर १०८ चौरस मीटर येणार आणि ते मधले खांब नेमके फोर्कलिफ्टच्या वाटेत उभे राहणार. सोलर पॅनेलचे चौरस मीटरला १५ किलो धरले, तर तेवढ्यानेच ८१० किलोचे १,६२० होतात. म्हणून स्पष्ट लिहा: या टोकाची फ्रेम मधल्यांसारखीच पूर्ण हवी, आणि मधले खांब फक्त भिंतीच्या पत्र्याचा वारा घेणारे, नट-बोल्ट काढून हलवता येतील असे हवेत. जास्तीचा खर्च एक फ्रेम आणि तिच्या दोन पायांपुरता. एक अट मात्र विसरू नका. टोकाचे पत्रे काढलेले असताना वारा आत शिरून छप्पर खालून उचलतो. ती तात्पुरती अवस्थाही तपासायला सांगा.

रुंदीत, शेजारी तेवढीच दुसरी शेड जोडायची, तर एका बाजूच्या सहाही खांबांवर छपराचा भार दुप्पट होतो. त्यांचे पाये आजच मोठे करावे लागतात, कारण चालू कारखान्यात पाया उकरणं फार त्रासाचं. दोन उतारांच्या मध्ये पन्हळ येते. ती तुंबली की पाणी थेट आत. बाजूच्या भिंतीतलं फुलीचं ब्रेसिंग, म्हणजे शेड डगमगू नये म्हणून दिलेले तिरपे आधार, पुढे जाण्या-येण्याची वाट अडवतं, त्याऐवजी त्या गाळ्यात चौकटीसारखं ब्रेसिंग आत्ताच मागावं लागतं. आणि दर ६ मीटरला खांब कायमचे मध्येच राहतात.

क्रेन येणार असेल तर माझं मत पक्कं आहे: लांबीत वाढवा. ५ टनांची क्रेन लांबीच्या दिशेने धावते, ती ज्यांवर धावते ते गर्डर पुढे जोडले की तीच नव्या भागातही जाते. रुंदीत वाढवलं तर पलीकडे दुसरी क्रेन घ्यावी लागते. क्रेन नंतर बसवणार असलात तरी तिची क्षमता आणि हुकची उंची आजच कळवा, कारण शेडची उंची त्यावर ठरते.

प्लॉटची लांबी संपलेली असेल तरच रुंदीकडे वळा. तेव्हा कागदात ओळ अशी हवी: 'पूर्वेकडे १८ मीटरची दुसरी शेड, सामाईक खांब आणि पाये दोन्ही छपरांच्या भाराला, आजची एकटी शेड आणि पुढची जोडशेड, दोन्ही अवस्था वाऱ्यासाठी तपासाव्यात.'