क्लचचा टॉर्क: समान दाब धरावा की समान झीज?

एकपाती क्लचचा टॉर्क काढायला बसलं की पहिला प्रश्न हाच येतो. दोन्ही सूत्रं तुम्हाला पाठ असतील, म्हणून ती सिद्ध करत बसत नाही. मी दोन्ही वापरली आहेत आणि आता बहुतेक वेळा एकाचीच बाजू घेतो. ती का, हे एका उदाहरणावरून सांगतो.

बाहेरची त्रिज्या 100 मिमी, आतली 65, फेसिंग दोन्ही बाजूंना, घर्षणगुणांक 0.3 आणि स्प्रिंगचा दाबबल 4000 न्यूटन.

```
समान झीज : T = n μ W (R1 + R2) / 2
समान दाब : T = n μ W (2/3) (R1³ − R2³) / (R1² − R2²)
```

पहिल्याने 198 न्यूटन-मीटर येतात, दुसऱ्याने 201. फरक दीड टक्क्याचा. प्लेट तापून घर्षणगुणांक 0.3 वरून 0.25 वर आला, तर टॉर्क सहाव्या हिश्शाने घटतो. त्यापुढे हे दीड टक्का म्हणजे काहीच नाही. तेव्हा स्प्रिंगचं बल ठरलेलं असेल आणि कडं इतकं अरुंद असेल, तर कोणतंही सूत्र घ्या, भांडण नाही.

भांडण सुरू होतं ते बल ठरलेलं नसतं आणि हातात फक्त फेसिंगला सोसणारा दाब असतो तेव्हा. तो 0.25 न्यूटन प्रति चौरस मिमी धरू. समान दाबात हा दाब सगळीकडे सारखा, त्यामुळे बल निघतं 4536 न्यूटन आणि टॉर्क 228. समान झिजेत दाब गुणिले त्रिज्या स्थिर राहते, म्हणजे सर्वाधिक दाब आतल्या कडेवर. ती कड 0.25 वर थांबवायची तर बल 3574 च मिळतं आणि टॉर्क 177. प्लेट तीच, पण आता फरक एकदम 29 टक्क्यांचा.

मला खरा त्रास झाला तो याच्या पुढच्या पायरीवर. एका टेस्ट रिगसाठी क्लच बेतत होतो. बाहेरची त्रिज्या बांधलेली होती आणि टॉर्क कमी पडत होता, म्हणून आतली त्रिज्या कमी करत गेलो. समान दाबाचं सूत्र प्रत्येक वेळी शाबासकी देतं! वरच्याच आकड्यांत 65 ची 30 करून बघा, टॉर्क 228 वरून 306. हे सूत्र ‘आता पुरे’ असं कधी म्हणतच नाही. समान झीज म्हणते. तिच्या हिशेबात आतली त्रिज्या बाहेरचीच्या 0.577 पट, म्हणजे इथे 58 मिमीच्या आसपास असताना टॉर्क सर्वांत जास्त, 181 भरतो. त्याखाली गेलात की उलट घसरण. 30 मिमीला 129 च.

मी अर्थातच शाबासकीवर विश्वास ठेवला. क्लच घसरला नाही, हे कबूल करतो. 30 मिमीचं उदाहरण घेतलं तर 7147 न्यूटनच्या स्प्रिंगा बसवाव्या लागतात, आणि झीज बसल्यावरही त्या 279 न्यूटन-मीटर देतात. पण तेव्हा आतल्या कडेवर दाब 0.54, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त. माझी प्लेट काही दिवसांनी उघडली तेव्हा बाहेरचा पट्टा छान एकसारखा घासलेला होता. आतली कड मात्र काचेसारखी चकाकत होती, आणि नख लावलं की तिचे कण सुटत होते. एका प्लेटवरून नियम काढू नये हे मान्य. त्यात प्रेशर प्लेट तापून किंचित वाकते, तोही हात असेल. तरी त्यानंतर आतली त्रिज्या मी समान दाबावरून ठरवलेली नाही.

‘नव्या प्लेटला तरी समान दाब लागू पडतो ना?’ असं विचारतात. कागदावर हो. पण नवी प्लेट थोडी चालवून उघडा, जागोजागी चकचकीत ठिपके दिसतील. फेसिंग अजून पूर्ण टेकलेलंच नसतं. पुढे बाहेरचा भाग जास्त वेगाने घासत असल्याने तो आधी झिजतो, भार आत सरकतो आणि मग झीज सारखी होत जाते. प्लेटचं बहुतेक आयुष्य या दुसऱ्या अवस्थेत जातं, असं मला वाटतं.

एका कामासाठी मात्र मी अजून समान दाबाकडे जातो. क्लचमागचा शाफ्ट तपासताना प्रश्न उलटा असतो, क्लच जास्तीत जास्त किती टॉर्क पुढे ढकलेल हा. तिथे मोठा आकडा धरलेला बरा, म्हणून पहिल्या उदाहरणातल्या शाफ्टला मी 198 नव्हे, 201 लावेन.