तीनाचा आठ झाला आणि एकाच मालाचे पैसे दोनदा गेले

आमच्याकडे पुरवठादारांच्या बिलांचे फोटो ओसीआरने वाचून खरेदीची कच्ची नोंद आपोआप तयार होते आणि कारकुनाने ती तपासून मंजूर केली की ती पक्की होते. या व्यवस्थेतील एका फटीचा फायदा घेऊन, एका पुरवठादाराच्या वतीने बिले आणून रोख वसुली करणाऱ्या माणसाने आम्हाला चार महिन्यांत तीनदा फसवले.

त्याची युक्ती पोरकट होती. 3 तारखेचे 1031 क्रमांकाचे बिल, 48 खोकी, दर 215, एकूण 10,320, रीतसर नोंदले जाऊन चुकते झाले. तीन आठवड्यांनी त्याने त्याच बिलाच्या आपल्याकडील प्रतीवर क्रमांकातील आणि तारखेतील 3 पेनाने जोडून 8 केला आणि मंद उजेडात काढलेला फोटो पाठवला. दुबार बिल ओळखण्यासाठी आमची प्रणाली पुरवठादार आणि बिल क्रमांक एवढेच जुळवून पाहत असे, त्यामुळे 1081 हे तिच्या लेखी नवे बिल ठरले.

कारकुनाला हे दिसले कसे नाही, असा प्रश्न मीही रागाने विचारला होता. अक्षरे ठळक व्हावीत म्हणून ओसीआरपूर्वी फोटो कृष्णधवल केला जातो, आणि पडद्यावर कच्च्या नोंदीशेजारी तोच साफ केलेला फोटो दिसत असे. छापील काळ्या आकड्याला जोडलेली निळी रेघ त्यात काळीच झाली होती. वर त्या आकड्यासमोर 96 टक्के खात्री झळकत होती. ही खात्री आकडा स्पष्ट वाचला गेल्याची असते, बिल खरे असल्याची नव्हे, हे आम्ही त्याला कधी सांगितलेच नव्हते. त्याने नोंद फोटोशी ताडून पाहिली, ती तंतोतंत जुळली.

साठा मोजताना 48 खोकी कमी भरली तेव्हा संशय आधी गोदामातल्या माणसावर गेला, याची मला आजही लाज वाटते. पुढे पुरवठादाराकडून खातेउतारा मागवला, त्यात 8 तारखेचे बिलच नव्हते. मूळ रंगीत फोटो शेजारी ठेवले, तर दोन्हींवर आवक शिक्का त्याच कोनात, त्याच कोपऱ्यात पुसटलेला होता. शिवाय त्याच पुरवठादाराचे 15 तारखेचे बिल 1046 क्रमांकाचे होते. 8 तारखेला 1081 आणि आठवड्याने 1046, हे तर कोणाच्याही नजरेत भरायला हवे होते.

आता कारकुनासमोर मूळ रंगीत फोटो उघडतो. त्याच पुरवठादाराची तीच रक्कम आणि तेच नग 60 दिवसांत पुन्हा आले, तर क्रमांक वेगळा असला तरी नोंद अडते आणि जुने बिल शेजारी दिसते. काही पुरवठादारांकडून आम्ही दरमहा खरोखरच तेवढाच माल घेतो, त्यामुळे ही अडवणूक बऱ्याचदा नाहक ठरते. म्हणून निर्णय आवक पावतीवर सोपवला आहे. गोदामाने माल मोजून घेताना दिलेला पावती क्रमांक एकाच बिलाला जोडता येतो, आणि तो जोडल्याशिवाय मंजुरीचे बटण उघडत नाही.