मुक्ता फाँट, काळी पट्टी आणि आठ महिन्यांचे रेसिपी व्हिडिओ

आईच्या रेसिपींचे उभे व्हिडिओ मी करते. त्यावरचा मजकूर गेले आठ महिने ‘मुक्ता’ सेमीबोल्डमध्ये टाकतेय. मुंबईच्या ‘एक टाइप’चा हा फाँट मोफत आहे आणि गूगल फाँट्सवर मिळतो. त्याआधी एडिटिंग ॲपमधलाच एक बारीक, डौलदार फाँट वापरत होते. भाजणीच्या व्हिडिओवर एका ताईंनी विचारलं, “मेथी १ चमचा की ९?” तेव्हा तो फाँट सोडला. शब्दातलं एखादं अक्षर पुसट झालं तरी संदर्भाने वाचता येतं, आकड्याला असा आधार नसतो. १ आणि ९ लहान आकारात जवळजवळ सारखेच दिसतात, आणि नऊ चमचे मेथी घातलेली भाजणी कोणाच्या घशाखाली उतरणार?

आधी आकाराचं सांगते. माझी चौकट १०८० बाय १९२० पिक्सेलची. साधारण साडेसहा इंची फोनवर यातले १६ पिक्सेल म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. जुना मजकूर शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत २६ पिक्सेल होता, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास. लॅपटॉपवर तो मला मोठा वाटायचा, फसगत तिथेच झाली. आता मी ४० पिक्सेलच्या खाली जात नाही. ॲपमधल्या फाँट साइजच्या आकड्यावर विसंबू नका. एका ॲपमधला ६४ दुसऱ्या ॲपमध्ये लहान उमटतो, कारण काही ठिकाणी वरच्या-खालच्या मात्रांची जागाही त्या आकड्यात धरलेली असते. स्क्रीनशॉट घेऊन प्रत्यक्ष अक्षरच मोजावं. इतक्या आकारात एका ओळीत तीन-चार शब्द मावतात. वाक्य मोठं असेल तर मी ते दोन तुकड्यांत दाखवते, अक्षर लहान करत नाही.

ओळींमधलं अंतर ॲप आपणहून फाँट साइजच्या १.२ पट ठेवतं. रोमन लिपीला ते पुरतं, पण आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत जाऊन अडकतो. मी १.५ ठेवते. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच राहू द्यावं, वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरतो. कुठलाही नवा फाँट घेतला की मी आधी एकच ओळ टाकून बघते: ‘दुसऱ्या दिवशी सर्व पिठं कुटून घ्यावीत’. त्यात रफार, उकार, अनुस्वार आणि ‘ऱ्या’ सगळं येतं. ‘ऱ्या’ फुटला तर तो फाँट बाद.

सगळ्यात जास्त वेळ रंगांनी खाल्ला. आमच्या व्हिडिओत तांदूळ, पीठ, खोबरं, सगळंच पांढरं. पांढऱ्या अक्षरांना काळी किनार दिली, पण ती जाड केली की अनुस्वाराचं टिंब आणि ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ गिळली जायची. शेवटी अक्षरांमागे काळी पट्टी घातली. पट्टी किती गडद हवी याचा हिशेब असा: वेब मजकुरासाठीच्या WCAG नियमांत साध्या मजकुराला अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतका फरक सांगितलाय. पट्टी ५० टक्के गडद असेल आणि मागे पांढरंशुभ्र पीठ असेल, तर पांढऱ्या अक्षराचा फरक ४ : १ च्याही किंचित खाली राहतो. ७५ टक्क्यांवर तोच १० : १ च्या पुढे जातो. म्हणून माझी पट्टी ७५ टक्के. प्रमाणाचे आकडे तेवढे पिवळे करते, तेही या पट्टीवर ठळक उठतात.

कडेची मोकळी जागा मात्र मी चुकून शिकले. साहित्याची यादी खाली ठेवली होती आणि अपलोड केल्यावर शेवटच्या दोन ओळी खात्याचं नाव आणि कॅप्शनखाली गेल्या. आता खालून ४८०, वरून २५०, उजवीकडे बटणांसाठी १५० आणि डावीकडे ९० पिक्सेल मोकळे सोडते. हे आकडे मात्र कायमचे नाहीत, जिथे व्हिडिओ टाकते त्या ॲपची मांडणी बदलते. एक खाजगी व्हिडिओ अपलोड करायचा, फोनवर त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि एडिटिंगमध्ये तो अर्धा पारदर्शक करून वरच्या थरावर ठेवायचा. बटणं नेमकी कुठे येतात ते समोरच दिसतं. दर दोन-तीन महिन्यांनी मी नवा स्क्रीनशॉट घेते.

मुक्ताबद्दल एकच तक्रार: मात्रांसाठी वर-खाली भरपूर जागा राखलेली असल्याने ॲपने आपोआप काढलेली पट्टी फार उंच होते आणि निम्मी कढई झाकते. मी पट्टी वेगळा चौकोन म्हणून हाताने काढते. उकार तिच्या खालच्या कडेला टेकत नाही ना, एवढं बघते.

शेवटची तपासणी अंगणात होते. भर दुपारी, आईच्या जुन्या पाच इंची फोनवर, ब्राइटनेस अर्धा, आणि चष्मा न लावता. तिने प्रमाणं न अडखळता वाचली की व्हिडिओ टाकते. परवा तिने ‘पाव’ ऐवजी ‘पाच’ वाचलं, म्हणून आता तिथे ‘¼ वाटी’ लिहिलंय.