खातं बंद केल्यानंतर आलेलं बिल : ई-मेल सेवेच्या ‘किमान वापरा’त आम्ही कसे अडकवले गेलो

ई-मेल पाठवण्याची सेवा विकताना ‘जेवढे मेल पाठवाल तेवढेच पैसे’ असं सांगतात. आम्हालाही विक्री प्रतिनिधीने तेच सांगितलं, आणि मेलमध्ये लिहूनही दिलं : वापराप्रमाणे बिल, कधीही थांबवा. दर महिन्याचं बिलही तसंच यायचं. साधारण एक लाख मेल गेले की एक लाखाचेच पैसे, त्यात कुठेही कमी-जास्त नाही. खरा हिशेब मात्र वर्षाच्या शेवटी व्हायचा होता आणि त्याची एकही खूण मासिक बिलावर नव्हती.

दहा महिन्यांनंतर आम्ही दुसऱ्या सेवेकडे गेलो. सेटिंगमध्ये जाऊन खातं बंद केलं, तेव्हा पडद्यावर आलं की यापुढे कोणतीही आकारणी होणार नाही. त्यानंतर अंतिम बिल आलं. त्यात शेवटच्या महिन्याचा वापर होता, तो योग्यच होता. त्याखाली तीन ओळी होत्या : न वापरलेल्या १४ लाख मेलचे पैसे, मेल पाठवायला फक्त आमच्यासाठी राखलेल्या दोन स्वतंत्र आयपी पत्त्यांचं उरलेल्या मुदतीचं भाडं, आणि नूतनीकरण झालेल्या पुढच्या वर्षाचे आणखी २४ लाख मेल.

हे १४ लाख कुठून आले ते सांगतो, कारण फसवणुकीचं मूळ तिथेच आहे. ऑर्डर फॉर्मवर दरांच्या तक्त्याखाली एक ओळ होती : वार्षिक किमान वापर २४ लाख, आकारणी मासिक. ‘आकारणी मासिक’ वाचून कुणालाही वाटेल की दर महिन्याला दोन लाखांची किमान मर्यादा आहे आणि आपण कमी वापरला तर ते त्याच महिन्यात दिसेल. पण त्या फॉर्ममध्ये दुव्याने जोडलेल्या सर्वसाधारण अटींत लिहिलं होतं की मासिक बिल प्रत्यक्ष वापराचं असेल, आणि किमान आकड्यापेक्षा जी तूट राहील ती मुदतीच्या अखेरीस किंवा खातं बंद होताना, जे आधी घडेल तेव्हा, एकरकमी वसूल होईल. दहा महिन्यांत आमचे दहा लाख मेल गेले होते. २४ मधून १० गेले, उरले १४. आम्ही बारा महिने थांबलो असतो तरी १२ लाखांची तूट राहिलीच असती. म्हणजे आमचा वापर माहीत असताना त्याच्या दुप्पट आकडा आम्हाला विकला गेला आणि तो दर महिन्याच्या बिलातून झाकून ठेवला गेला. मला याला चूक म्हणवत नाही. महिन्याच्या बिलावर ‘एकूण किमान इतके, आतापर्यंत वापर इतका’ अशी एक ओळ छापायला काहीच खर्च नाही. ती छापत नाहीत, कारण ती दिसली तर ग्राहक दुसऱ्याच महिन्यात बोलायला येईल.

पुढच्या वर्षाचे २४ लाख हा त्याहून वाईट प्रकार. अटींप्रमाणे करार आपोआप पुढे सरकतो. तो नको असेल तर मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी लेखी नोटीस द्यायची, आणि तीही करारात दिलेल्या ठरावीक ई-मेल पत्त्यावर. खातं बंद करण्याचं बटण ही नोटीस नाही, असं त्यांचं म्हणणं. बटण दाबलं की मेल जाणं थांबतं, लॉगिन बंद होतं. करार मात्र तसाच चालू राहतो. सगळ्याच कंपन्या ही गोष्ट लपवत नाहीत. ॲमेझॉनची क्लाउड सेवा खातं बंद करण्याच्या माहितीतच स्पष्ट लिहिते की बंद करण्याआधीच्या वापराचं बिल नंतर येईल आणि आधी घेतलेल्या मुदतीच्या आरक्षणाचे पैसे मुदत संपेपर्यंत लागतील. आमच्याकडे याच्या बरोबर उलटं वाक्य पडद्यावर होतं.

भांडायला गेलो तेव्हा पहिली अडचण ही की जुनी बिलं आणि वापराचे अहवाल बंद झालेल्या खात्यात होते. सुदैवाने आमच्या लेखापालांनी प्रत्येक बिलाची पीडीएफ वेगळी ठेवली होती आणि ऑर्डर फॉर्मची सही झालेली प्रतही होती. त्यावरून दोन गोष्टी हाती लागल्या. एक, तुटीचे १४ लाख मेल त्यांनी जाहीर दराने मोजले होते. ऑर्डर फॉर्ममध्ये किमान वापरासाठी सवलतीचा दर लिहिलेला होता आणि तूट त्याच दराने मोजायची होती. दोन, खातं बंद झाल्याची पोच देणारा त्यांच्याच मदतकक्षाचा मेल नोटिशीची ६० दिवसांची मर्यादा उलटण्याआधीच्या तारखेचा होता, आणि ‘आपण सेवा संपवत आहात याची नोंद घेतली’ असं त्यात लिहिलं होतं. ही पोच हीच लेखी नोटीस मिळाल्याचा पुरावा आहे, असं आम्ही करारातल्या नोटिशीच्या पत्त्यावर कळवलं आणि वादातली रक्कम कोणती, मान्य रक्कम कोणती, हे वेगळं मांडलं. मान्य रक्कम लगेच भरली. पुढच्या वर्षाची ओळ पूर्ण काढली गेली, तुटीचा दर सुधारला गेला. आयपीचं उरलेलं भाडंही गेलं, कारण ते पत्ते त्यांनी परत घेतले होते.

१४ लाखांची तूट मात्र भरावी लागली. ‘कधीही थांबवा’ असं लिहिलेला प्रतिनिधीचा मेल आम्ही दाखवला, तर त्यांनी एक कलम पुढे केलं : हा करार हाच संपूर्ण करार, आधीचं बोलणं आणि पत्रव्यवहार धरला जाणार नाही. असं कलम बहुतेक व्यावसायिक करारांत असतं. म्हणून प्रतिनिधी जे सांगतो ते ऑर्डर फॉर्मच्या ‘विशेष अटी’ या रकान्यात लिहून घ्या. तो लिहायला तयार नसेल, तर ते आश्वासन नाहीच असं समजा.

कार्ड काढून टाकून हे टळत नाही. कार्ड नाकारलं गेलं की येणं थकबाकी होतं आणि पुढे वसुली संस्थेकडे जाऊ शकतं. ज्यांचा करार अजून चालू आहे त्यांनी आजच तूट काढून पाहावी : किमान आकड्यातून आजवरचा वापर वजा करा, आणि करार संपायला वेळ असेल तर आकडा खाली आणायची बोलणी सुरू करा. नूतनीकरण जवळ आलेलं असतं तेव्हा ते ऐकतात, खातं बंद झाल्यावर नाही.

बंद करतानाचा क्रमही महत्त्वाचा. आधी नोटीस पाठवा आणि पोच मागा. मग बिलं, अहवाल आणि ज्यांना मेल पाठवायचे नाहीत अशा पत्त्यांची यादी उतरवून घ्या. नव्या सेवेवर गेलात की जुन्या एपीआय की, म्हणजे तुमच्या सर्व्हरला जुन्या सेवेतून मेल पाठवू देणाऱ्या किल्ल्या, रद्द करा. नाहीतर एखादा विसरलेला सर्व्हर पासवर्ड बदलण्याचे मेल जुन्याच मार्गाने पाठवत राहतो आणि वापर शून्यावर येत नाही. एका मेलवर तीन जणांचे पत्ते असतील तर अनेक सेवा ते तीन मेल मोजतात, हेही शेवटचं बिल तपासताना लक्षात ठेवा. वापर शून्य दिसल्यावर एक बिल-चक्र जाऊ द्या, आणि मगच खातं बंद करा.

पेमेंट गेटवेमध्ये हाच सापळा मासिक किमान शुल्काच्या नावाने असतो : व्यवहारांवरचं शुल्क किमानापेक्षा कमी पडलं की फरक लावतात. शिवाय ग्राहकांनी कार्ड बँकेकडे केलेल्या तक्रारी काही महिन्यांनीही येऊ शकतात, म्हणून तुमची काही रक्कम गेटवे राखून ठेवतो. ती कधी सुटणार ही तारीख खातं बंद करण्याआधी लेखी घ्या.

आम्ही तुटीची रक्कम भरली तेव्हा पैसे पाठवण्याआधी एक अट घातली : येणं शून्य असल्याचं आणि करार संपल्याचं पत्र हवं, त्यावर करार क्रमांक आणि तारीख हवी. पत्र आल्यावर रक्कम पाठवली.