रात्री दुखणारे पाय: बहिणीचे, भावाचे आणि एक तिसराच

पाच वर्षांची मुलगी दिवसभर हुंदडते, जेवून झोपते आणि साडेअकराला रडत उठते. पाय दुखतायत. कुठे, असं विचारलं की दोन्ही हात मांड्यांवरून पार पोटऱ्यांपर्यंत फिरवते. आई वीसेक मिनिटं पाय चेपते, मुलगी झोपी जाते, आणि सकाळी आई जांभया देत असताना हीच पोरगी पलंगावर उड्या मारत असते. तिचा बारा वर्षांचा भाऊ मात्र संध्याकाळी मैदानावरून उजवा पाय जपत येतो. गुडघ्याखाली दुखतं म्हणतो. घरातलं निदान ठरलेलं असतं: हिचं वाढीचं दुखणं, आणि तो कुठेतरी आपटला असेल.

माझ्या दवाखान्यात अशा जोड्या येतात, तेव्हा मला बहुतेक वेळा उलटं सांगावं लागतं. वाढीशी खरा संबंध असतो तो भावाच्या दुखण्याचा.

आधी बहिणीचं बघू. मूल सगळ्यात झपाट्याने वाढतं ते पहिल्या वर्षात, साधारण 25 सेंटीमीटर. त्यानंतर वेग उतरतो. चार-पाच वर्षांचं मूल वर्षाला जेमतेम 6 सेंटीमीटर वाढतं, म्हणजे डोक्यापासून टाचेपर्यंत मिळून दिवसाला मिलिमीटरचा सहावा हिस्सा. वयात येताना वेग पुन्हा चढतो आणि मुलगे वर्षाला 9-10 सेंटीमीटरही उंची काढतात. वाढच दुखत असती तर ही रात्रीची पायदुखी तेराव्या-चौदाव्या वर्षी शिगेला पोचायला हवी होती. प्रत्यक्षात ती तीन ते बारा या वयात, त्यातही चार ते सहाच्या आसपास जास्त दिसते आणि उंची सुटायच्या सुमाराला बहुधा संपलेली असते. शिवाय हाड लांबीला वाढतं ते टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्टीत, आणि कूर्चेला वेदनेच्या नसाच नसतात.

मग नाव कुठून आलं? 1823 सालच्या एका फ्रेंच वैद्यकीय लिखाणापासून ते चालत आलं आणि चिकटलं. 2022 मध्ये या विषयावरच्या 145 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा दहातल्या नऊहून जास्त अभ्यासांच्या व्याख्येत वाढीचा उल्लेखच नव्हता.

नक्की कारण अजून सापडलेलं नाही. दिवसभराच्या धावपळीचा ताण हा पहिला संशयित, कारण जास्त खेळलेल्या दिवसानंतरची रात्र वाईट जाते हे पुष्कळ आया सांगतात. या मुलांना दाबल्यावर इतरांपेक्षा लवकर दुखतं, असंही आढळलंय. सांधे फार लवचिक असणं, ड जीवनसत्त्व कमी असणं यांचीही नावं घेतली जातात, पण पुरावा तितका भक्कम नाही. आईवडिलांपैकी कोणाचे लहानपणी पाय दुखत असल्याचं मात्र वारंवार ऐकायला मिळतं.

आता भाऊ. झपाट्याने उंची सुटते तेव्हा मांडीचं हाड लांबतं आणि त्यावरचा स्नायू मागे पडतो, ताणलेल्या दोरीसारखा. हा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली येऊन नडगीच्या वरच्या टोकाला असलेल्या उंचवट्याला चिकटतो. या वयात तो उंचवटा पुरता हाड झालेला नसतो, अर्धा कूर्चाच असतो. प्रत्येक उडीला, प्रत्येक किकला तिथे ओढ बसते आणि तो भाग सुजतो. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. टाचेच्या मागे हेच झालं तर सीव्हर, ते जरा लहान वयात. म्हणजे वाढ स्वतः दुखत नाही, पण वाढीने आलेली ओढ दुखवू शकते.

दोघांना शेजारी बसवलं की फरक हातालाच लागतो. बहिणीच्या पोटऱ्या, मांड्या मी दाबल्या की ती खिदळते किंवा अजून चेपा म्हणते. एका बोटाने जागा दाखव म्हटलं तर तिला जमत नाही. भाऊ मात्र बोट नेमकं त्या उंचवट्यावर ठेवतो, मी तिथे दाबलं की पाय ओढून घेतो, आणि जिना उतरताना दुखतं असं सांगतो. तिचं दुखणं विश्रांतीत उगवतं, याचं विश्रांतीने शमतं. तिचे दोन्ही पाय दुखतात, सांधे नाहीत, आणि मधे कित्येक रात्री काहीच नसतं. याचं महिनोन्‌महिने चालतं.

उपायही त्यामुळे वेगळे. तिला चेपणं, गरम पाण्याची पिशवी, आणि झोपायच्या आधी मांडी-पोटरीचे हलके ताण. अगदीच कळवळली तर पॅरासिटामॉल: किलोमागे जास्तीत जास्त 15 मिलिग्रॅम, म्हणजे 18 किलोच्या मुलीला एका वेळी 270. ॲस्पिरिन मुलांना आपणहून देऊ नये. तिचं खेळणं थांबवायची गरज नाही. भावाला मात्र उड्या आणि जोरात धावणं काही आठवडे कमी करावं लागतं, खेळानंतर बर्फ आणि रोज मांडीच्या स्नायूचे ताण. उंचवटा हाडाला पूर्ण जुळला की दुखणं जातं. टेंगूळ कधीकधी कायम राहतं, त्याने बिघडत काही नाही.

खरा घोळ होतो तो तिसऱ्या मुलात. नऊ वर्षांचा, रात्रीच दुखतं, सकाळी ठीक. ऐकायला हुबेहूब बहिणीसारखं, म्हणून घरी चार महिने पाय चेपले गेले. मी आईला दोन आठवडे कॅलेंडरवर रोज दोन गोष्टी लिहायला सांगितल्या: कुठला पाय, नेमकी कुठली जागा. चौदापैकी बारा रात्री, प्रत्येक वेळी डावी नडगी, तोच बोटभर भाग. चेपल्याने काही फरक नाही, पण आयबुप्रोफेनचा एक डोस दिला की अर्ध्या-पाऊण तासात गाढ झोप. आईला त्याने धीर आला होता, मला मात्र त्यानेच शंका आली. हाडातली ऑस्टिऑइड ऑस्टिओमा नावाची छोटी, कर्करोग नसलेली गाठ अशीच वागते. साध्या एक्सरेत ती कधीकधी निसटते, याचीही निसटली. सीटी स्कॅनमध्ये सापडली. सुईने उष्णता देऊन ती जाळतात.

म्हणून दुखणं रात्रीचं आहे एवढ्यावरून काही ठरवू नका, जागा बदलते का ते बघा. एकच पाय, एकच जागा, रोज, असं असेल तर दाखवा. सकाळी उठल्यावर सांधा आखडलेला असेल, सूज असेल, मूल लंगडत असेल तर सांध्याच्या आजाराचा विचार करावा लागतो. पायदुखीसोबत ताप, फिकेपणा, न आपटता उठणारे काळेनिळे डाग किंवा वजन उतरणं दिसलं तर कॅलेंडर वगैरे काही नको, लगेच जा. रक्ताचा कर्करोगही कधीकधी पायदुखीच्या वाटेने येतो आणि पहिला धागा साध्या रक्ततपासणीत मिळू शकतो.

बहिणीच्या आईनेही कॅलेंडर ठेवलं होतं. चौदा दिवसांत तीन फुल्या: एकदा पोटऱ्या, एकदा मांड्या, एकदा "गुडघ्यांच्या मागे, पण आधी म्हणाली पोट". मी रक्त तपासायला सांगितलं नाही.