घरी नान-कुलचा: तवा, ओव्हन की पालथी कढई?

सोलापुरात घरोघरी भाकरीचा लोखंडी तवा असतो. साध्या नानसाठी तोच घ्या, मात्र त्याला दांडा हवा. भरलेल्या कुलच्याला ओव्हन बरा. पालथी कढई फक्त पातळ रोटीच्या कामाची.

पीठ तिन्हींसाठी एकच: मैदा २५० ग्रॅम, दही ६० ग्रॅम, कोमट पाणी साधारण १०० मिली, इन्स्टंट यीस्ट अर्धा चमचा, साखर एक चमचा, मीठ अर्धा चमचा, तेल एक मोठा चमचा. पीठ हाताला किंचित चिकटेल इतकं सैल हवं. मे महिन्यात ते तासाभराच्या आतच दुप्पट फुगतं, डिसेंबरात दोन तासही लागतात. इथल्या कोरड्या हवेत वर ओलं फडकं टाकलं नाही तर पापुद्रा धरतो आणि लाटताना नान फाटतो. यात पाच गोळे होतात.

तव्यावरची सगळी मदार पाण्यावर. नान लाटून त्याच्या एका बाजूला कडेपर्यंत पाणी लावा आणि तीच बाजू तव्यावर टाकून कडा दाबा. भाकरीला पाणी वरून लावतात, इथे ते खाली जातं. अर्ध्या मिनिटात वर फुगे आले की तवा उचलून आचेवर उलटा धरा, ज्योतीपासून चार बोटं वर, आणि फिरवत राहा. डाग पडले की उलथण्याने सोडवा. नान बर्नरवर पडला तर बहुतेक वेळा कोरडं पीठ जास्त राहिलेलं असतं किंवा तव्यावर तेलाचा ओशटपणा असतो. तवा फार तापला असेल तर नान चिकटण्याआधीच पाण्याची वाफ होते. नॉनस्टिकवर हे जमत नाही, तो रिकामा तापवूही नये. इंडक्शनवर ज्योत नसल्याने हा मार्गच बंद.

ओटीजी २५० अंशांवर ठेवला तरी तंदूर ४०० च्याही वर जातो. म्हणून उष्णता साठवायला आत जाड लोखंडी तवा पालथा ठेवा आणि अर्धा तास तापवा. दिवा विझला म्हणजे फक्त हवा तापली, लोखंड नव्हे. वरचा रॉड चालू ठेवला तर साधा नान दोन-तीन मिनिटांत होतो. गार ट्रेवर मात्र डाग पडेपर्यंत तो वाळून बिस्किटासारखा होतो. बटाट्याचा कुलचा उलट्या तव्यावरून वजनाने निसटतो; ओव्हनमध्ये तो पाच-सहा मिनिटं निवांत शिजतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी ओव्हन लावायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं!

पालथ्या लोखंडी कढईवर पाणी लावायचं नाही. रोटी कागदासारखी पातळ लाटून टाका, फुगे आले की उलटा. जाड नान टाकलात तर कढईच्या उतारावर तो घसरतो आणि मधे करपून कडेला कच्चा राहतो.